चाकण ते नागपूर, एका ओळीत

गाडी भरायला लागली की प्लॅनरला तीनच प्रश्न पडतात. कितीला पडेल, कधी पोहोचेल आणि वाटेत काही झालं तर किती पदरात पडेल. तिन्हींची उत्तरं करारात असतात. पण करार वीस-बावीस पानांचा असतो, त्याला जोडपत्रं असतात, जोडपत्रांना तळटिपा असतात, आणि मागच्या दिवाळीत आलेलं दरबदलाचं पत्र तिसऱ्याच फायलीत असतं. संध्याकाळी पाच वाजता लोडिंग बे रिकामा होतोय, फोरमन विचारतोय गाडी कुणाची मागवू, अशा वेळी कुणी ते उघडून बसत नाही. म्हणून कुणीतरी आधीच निवांत बसून प्रत्येक करार पिळून त्याची एकेक ओळ करून ठेवावी लागते. कुठून, कुठे, कोणती गाडी, कोण ट्रान्सपोर्टर, भाडं, दिवस, भरपाईची मर्यादा. याला धंद्यात लेनचा तक्ता म्हणतात. लेन म्हणजे नुसता रस्ता नव्हे. एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी, ठरावीक प्रकारच्या गाडीने होणारी वाहतूक म्हणजे एक लेन.

हे काम वरवर नकलेचं वाटतं. करारात आकडा शोधायचा आणि रकान्यात टाकायचा. त्यामुळे ते बहुतेक ठिकाणी नव्याने लागलेल्या पोराकडे दिलं जातं. माझ्या मते तक्ते इथेच नासतात, कारण करारात आकडा एका पानावर असतो आणि त्याचा अर्थ दुसऱ्या. आकडा उचलला आणि अर्थ मागे राहिला, तर ओळ दिसायला पूर्ण असते, पण खोटी असते.

हे एका लेनवरच पाहू. चाकणच्या कारखान्यातून नागपूरजवळच्या बुटीबोरीच्या गोदामात गाड्यांचे प्लॅस्टिकचे भाग जातात: बंपर, डॅशबोर्ड, दरवाज्यांची आतली कव्हरं. अंतर ७२० किलोमीटर धरू. तीन ट्रान्सपोर्टर आहेत, त्यांना अ, ब, क म्हणू. उदाहरण समजावण्यासाठी रचलं आहे आणि त्यातली भाडी बाजारभाव म्हणून घेऊ नयेत, पण कलमांची भाषा जशी करारांत भेटते तशीच ठेवली आहे.

पहिला अडथळा भाड्याच्याही आधी येतो, तो म्हणजे गावाचं नाव. करार जुना असला की त्यात औरंगाबाद असतं, नव्या बिल्टीवर छत्रपती संभाजीनगर असतं; अहमदनगरचं अहिल्यानगर झालं, उस्मानाबादचं धाराशिव. एकजण न्हावा शेवा लिहितो, दुसरा जेएनपीटी, तिसरा उरण, आणि तिघांची गाडी एकाच बंदराच्या गेटवर उभी राहते. तक्त्यात ही तीन गावं झाली की तिघांच्या दरांची तुलना कधीच होत नाही. म्हणून गावाच्या नावाशेजारी पिनकोडचा रकाना हवा. चाकणचा ४१०५०१. नागपूर शहराचे पिनकोड ४४० ने सुरू होतात आणि बुटीबोरीचा ४४१ ने. इथेच एक गोम लक्षात येते. अ च्या जोडपत्रात ठिकाण म्हणून ‘नागपूर’ लिहिलंय आणि तळटीप म्हणते की दर महापालिका हद्दीपर्यंतचा आहे. बुटीबोरी हद्दीबाहेर आहे. मग चाकण–बुटीबोरी या लेनला अ चा दर आहे की नाही? माणसं फोनवर ‘हो हो, तेच ते’ म्हणतात. तसं ईमेलवर लिहून घ्यावं आणि त्या ईमेलची तारीख ओळीत टाकावी. नाहीतर पहिल्याच बिलात ‘शहराबाहेर पोच’ म्हणून वेगळा आकार उगवतो.

दुसरा अडथळा स्कॅनचा. सही-शिक्क्याचा करार म्हणजे बहुधा तिरका स्कॅन केलेला कागद असतो, आणि त्यातून अक्षरं ओळखणारं सॉफ्टवेअर रुपयाच्या चिन्हाला अनेकदा २ किंवा ७ समजतं. ₹४४,००० चे २,४४,००० होतात. हे निदान डोळ्यांत खुपतं, लगेच सापडतं. खरा त्रास जोडलेल्या चौकटींचा. दरपत्रकात ‘चाकण’ एकदाच लिहून खाली बारा ओळींची चौकट एक केलेली असते. उतरवताना पहिल्या ओळीत चाकण येतं आणि उरलेल्या अकरा ओळी बिनगावाच्या होतात. कुठे ‘डिट्टो’ची खूण असते, म्हणजे वरचंच खाली. पान उलटल्यावर पहिल्याच ओळीत ती खूण आली, तर वरचं म्हणजे मागच्या पानावरचं शेवटचं हे माणसाला कळतं, उतरवणाऱ्या यंत्राला कळतंच असं नाही. म्हणून उतरवून झालं की आधी ओळी मोजाव्यात: मूळ पत्रकात किती दर, तक्त्यात किती. एवढ्यानेही पुष्कळ चुका पकडल्या जातात.

आता भाडं. अ म्हणतो, ३२ फुटी मल्टी ॲक्सल कंटेनर, ४४,००० रुपये फेरी. ब म्हणतो, ३,१०० रुपये टन. क फुटकळ मालाचा, म्हणजे अर्धी-पाव गाडी भरेल अशा मालाचा ट्रान्सपोर्टर. तो म्हणतो, ६ रुपये २० पैसे किलो. तिघांना किलोवर आणायचं म्हटलं तर ब चा दर ३ रुपये १० पैसे किलो होतो, म्हणजे क च्या निम्मा. अ साठी गाडीत चौदा टन बसतात असं धरून कुणी ४४,००० भागिले १४,००० करतो आणि ३ रुपये १४ पैसे लिहून मोकळा होतो. अ आणि ब जवळजवळ सारखे, क महाग, असं तक्ता सांगू लागतो.

पण आपला माल बंपर आहे. बंपर जागा खातो, वजन देत नाही. गाडी छतापर्यंत भरली तरी माल भरतो ९ टन आणि १,९०० घनफूट. ब च्या करारात दरापासून चार कलमं सोडून लिहिलंय की आकारणी किमान १४ टनांची होईल. म्हणजे ९ टन पाठवले तरी १४ गुणिले ३,१००, एकूण ४३,४०० रुपये. खऱ्या वजनावर किलोला ४ रुपये ८२ पैसे पडले. अ चे ४४,००० भागिले ९,००० म्हणजे ४ रुपये ८९ पैसे. क च्या करारात वजनाची व्याख्या वेगळ्याच पानावर आहे: प्रत्यक्ष वजन किंवा दर घनफुटाला ८ किलो, यांतलं जे जास्त ते. १,९०० घनफुटांचे १५,२०० किलो झाले आणि भाडं ९४,२४० रुपये. किलोला साडेदहा रुपयांच्या आसपास.

म्हणून तक्त्यात ‘दर’ या एका रकान्याने भागत नाही. दर, त्याचं एकक, किमान वजन आणि घनफुटाला किती किलो, हे चार रकाने वेगळे ठेवावे लागतात. ६.२० हा आकडा कोऱ्या पाटीवर लिहिल्यासारखा एकटा ठेवला तर त्याचा काही उपयोग नाही. चारही वेगळे असले की आकारणी एका ओळीच्या सूत्राने निघते. इ मध्ये खरं वजन, एफ मध्ये घनफूट, जी मध्ये घनफुटाला किलो, एच मध्ये किमान वजन आणि आय मध्ये किलोचा दर असेल तर:

```
=MAX(E2, F2*G2, H2)*I2
```

जी मधला ८ हा आकडा सूत्रात थेट लिहायचा मोह होतो, कारण ‘तो काही बदलत नाही’. त्याला रकान्यातच राहू द्यावं. का, ते पुढे येईल.

या चार रकान्यांचा एक फायदा लगेच मिळतो. आपला बंपरचा माल घनफुटाला पाच किलोही भरत नाही, त्यामुळे क कडे त्याची आकारणी नेहमी घनफळावरच होणार: ८ गुणिले ६.२०, म्हणजे घनफुटाला ४९ रुपये ६० पैसे. अ ची अख्खी गाडी ४४,००० ला. ४४,००० ला ४९.६० ने भागलं की ८८७ येतात. म्हणजे माल साधारण ८८७ घनफुटांच्या आत असेल तर क कडे द्यावा, त्याहून जास्त असेल तर अ ची गाडी मागवावी, मग ती अर्धी रिकामी गेली तरी चालेल. प्लॅनरला खरं तर तक्त्यातून एवढंच हवं असतं. बिल्टीचे शंभर रुपये वगैरे किरकोळ आकार इथे बाजूला ठेवले आहेत.

टोल मात्र किरकोळ नाही. अ चा दर टोलसकट आहे, ब च्या करारात टोल ‘पावतीप्रमाणे’. पूर्वी या दोन शब्दांचा फारसा त्रास नसे, कारण वाट ठरलेली होती. समृद्धी महामार्गाचा नागपूर–शिर्डी टप्पा ११ डिसेंबर २०२२ ला सुरू झाला, आणि २०२५ च्या जूनमध्ये ७०१ किलोमीटरचा सगळा रस्ता खुला झाला. चाकणची गाडी संभाजीनगरपाशी समृद्धीला लागू शकते किंवा जुन्या रस्त्याने जाऊ शकते. वेळ वेगळा, टोल वेगळा. टोलसकट दर घेणारा अ आपला टोल वाचवायला जुन्या रस्त्याचा विचार करील. टोल आपल्याकडून घेणारा ब बिनधास्त समृद्धीने जाईल आणि पावत्या जोडेल. दोघांच्याही करारात वाटेचा उल्लेख नाही. तक्त्यात टोलचा रकाना ‘सकट’ किंवा ‘वेगळा’ एवढ्यावर न थांबवता, वेगळा असेल तर कोणत्या वाटेचा हे विचारून घ्यावं.

डिझेलच्या कलमाला थोडा वेळ द्यायला हवा. जवळपास प्रत्येक मोठ्या करारात ते असतं आणि जवळपास प्रत्येक तक्त्यात ते ‘लागू’ या एका शब्दात गुंडाळलेलं असतं. अ चं कलम असं आहे: डिझेलचा मूळ भाव ९२ रुपये, भाव दोन टक्क्यांहून जास्त बदलला तर दर एक टक्क्यामागे भाडं अर्धा टक्का बदलेल. समजा भाव ९४ रुपये ७६ पैसे झाला. तीन टक्के वाढ. आता भाडं किती? एक वाचन म्हणतं, दोनचा उंबरठा ओलांडला की पूर्ण तीन टक्के धरायचे. दीड टक्का वाढ, ४४,६६० रुपये. दुसरं म्हणतं, उंबरठ्याच्या वरचा एक टक्काच धरायचा. अर्धा टक्का वाढ, ४४,२२० रुपये. फेरीला ४४० रुपयांचा फरक. वर्षाला ३०० फेऱ्या असतील तर १,३२,०००. करार दोन्ही वाचनांना जागा देतो. मग तक्त्यात काय लिहायचं? माझा नियम असा की आकडा लिहू नये, ‘दोन अर्थ निघतात’ असं लिहावं, कलमाचा क्रमांक द्यावा आणि खरेदी विभागाकडे पाठवावं. उतरवणाऱ्याने स्वतःच्या मनाने एक अर्थ निवडला की तो पुढे सहा महिने सत्य म्हणून वावरतो.

याच कलमात आणखी दोन गोष्टी दडलेल्या असतात: भाव कुठला आणि कधीचा. १६ जून २०१७ पासून देशात डिझेलचा भाव रोज ठरू शकतो, आणि तो शहरागणिक वेगळा असतो. ‘पुण्यातला, महिन्याच्या पहिल्या तारखेचा, अमुक कंपनीच्या पंपावरचा’ इतकं नेमकं लिहिलेलं नसेल तर मूळ भावाचा आकडा निरुपयोगी आहे. ट्रान्सपोर्टर वाढीच्या वेळी नागपूरचा भाव दाखवील आणि उतरणीच्या वेळी कुणाला आठवण राहणार नाही. करार दोन्ही दिशांनी लिहिलेला असतो, मागणी मात्र एकाच दिशेने येते.

आता दिवस. अ लिहितो ३ दिवस. ब लिहितो ७२ तास. क लिहितो कामाचे ४ दिवस. घाईत तक्त्यात ३, ३, ४ असं पडतं, आणि अ व ब सारखेच ठरतात. घड्याळ लावून बघू. शुक्रवारी संध्याकाळी सात वाजता गाडी गेटबाहेर पडली. अ च्या तळटिपेत बिल्टीचा दिवस धरायचा नाही, रविवार धरायचा. शनिवार एक, रविवार दोन, सोमवार तीन, सोमवारी पोच. ब चे तास गेटपासून सुरू होतात, म्हणजे सोमवारी संध्याकाळी सातला पूर्ण. पण बुटीबोरीचं गोदाम पाचपर्यंतच माल उतरवून घेतं. सहा वाजता गाडी गेटवर आली तर ब ने शब्द पाळला आणि माल मात्र मंगळवारी सकाळी मिळाला. क कडे पाचनंतर आलेला माल दुसऱ्या दिवशीचा धरतात, म्हणजे शनिवार. बुकिंगचा दिवस मोजायचा नाही, रविवार सुट्टी. सोमवार एक, मंगळवार दोन, बुधवार तीन, गुरुवार चार. गुरुवारी पोच. तक्त्यात ४ वाचून मंगळवारची आशा धरणाऱ्या प्लॅनरला ती दोन दिवसांनी चुकलेली दिसेल, आणि तरीही क च्या बाजूने काही चुकलेलं नसेल.

म्हणून दिवसांच्या आकड्याशेजारी घड्याळ कधी सुरू होतं आणि कोणते दिवस धरायचे नाहीत, हे रकाने लागतात. मी त्यांच्या जोडीला आणखी एक रकाना ठेवतो: शुक्रवारी संध्याकाळी सातला निघाल्यास पोच कोणत्या वारी. सोमवारी सकाळी निघालेल्या गाडीत सगळे ट्रान्सपोर्टर चांगले दिसतात. त्यांच्यातला फरक शुक्रवारच्या संध्याकाळी दिसतो.

क च्या गुरुवारात आणखी एक पेच आहे. जीएसटीच्या ई-वे बिलाची मुदत साध्या मालवाहतुकीला दर २०० किलोमीटरला किंवा त्याच्या भागाला एक दिवस अशी असते. २०२१ च्या जानेवारीपासून हा हिशोब आहे, त्याआधी १०० किलोमीटरला एक दिवस होता. ७२० किलोमीटरला चार दिवस मिळतात. पहिला दिवस दुसऱ्या तारखेच्या मध्यरात्री संपतो. क ची गाडी शनिवारी रात्री हबमधून निघाली आणि गाडीचा तपशील तेव्हा भरला गेला, तर मुदत बुधवारी मध्यरात्री संपते. करार मात्र गुरुवारचा वायदा देतो. म्हणजे वायद्याप्रमाणे वेळेत आलेला मालही ई-वे बिल संपलेल्या अवस्थेत रस्त्यावर असू शकतो. मुदत वाढवता येते, पण संपण्याच्या आठ तास आधीपासून आठ तास नंतरपर्यंतच. कुणी वाढवायची, हे क च्या करारात लिहिलेलं नाही. तक्ता बनवणाऱ्याने करारातले दिवस आणि ई-वे बिलाचे दिवस शेजारी ठेवले तर अशा लेन आपोआप वर येतात.

राहिली भरपाई. भाड्याची चूक प्रत्येक बिलात थोडी थोडी दुखते. भरपाईची चूक वर्षभर दुखत नाही आणि एका रात्री गाडी उलटली की सगळी एकदम वसूल होते. त्यामुळे हा रकाना तक्त्यात सहसा नसतोच, किंवा असला तर ‘करारानुसार’ एवढंच म्हणतो.

आधी कायदा काय म्हणतो ते बघू, कारण करार गप्प असला की तोच बोलतो. आपल्याकडे १८६५ चा कॅरियर्स ॲक्ट दीर्घकाळ चालला. त्याच्या जागी २००७ चा कॅरेज बाय रोड ॲक्ट आला आणि तो १ मार्च २०११ पासून लागू झाला. त्याच्या दहाव्या कलमाने वाहतूकदाराची जबाबदारी मर्यादित केली, आणि २०११ च्या नियमांनी ती मर्यादा भाड्याच्या दहापट ठरवली. पण माल पाठवताना जाहीर केलेल्या किमतीपेक्षा जास्त नाही. माल पाठवणाऱ्याने जास्त जोखमीचा दर भरून जास्त किंमत जाहीर केली असेल तर गोष्ट वेगळी. विलंबाबाबत कायदा गुड्स फॉरवर्डिंग नोटकडे बघतो: दोघांनी मान्य करून त्या कागदावर लिहिलेल्या मुदतीपर्यंतच्या विलंबासाठी जबाबदारी भाड्याच्या रकमेएवढीच. आणि नुकसानीची लेखी नोटीस बुकिंगच्या तारखेपासून १८० दिवसांत दिली नसेल तर दावा लावता येत नाही. तारीख बुकिंगची, माल पोहोचल्याची किंवा नुकसान कळल्याची नव्हे.

आपल्या भरल्या गाडीतल्या मालाची किंमत २८ लाख रुपये धरू. अ च्या करारात भाड्याच्या दहापट: ४,४०,०००. ब च्या करारात ‘मालाची प्रत्यक्ष किंमत, पण एका घटनेला ५ लाखांपर्यंत’. वाचताना ब उदार वाटतो, कारण वाक्य ‘प्रत्यक्ष किंमत’ या शब्दांनी सुरू होतं. दोघांत साठ हजारांचा फरक आहे आणि २८ लाखांपैकी तेवीस-चोवीस लाख दोन्हीकडे उघडे आहेत. ते विम्याने झाकायचे असतात. म्हणून हा रकाना प्लॅनरइतकाच विमा बघणाऱ्या माणसालाही लागतो. अ च्या करारात तर पुढे लिहिलंय की माल पाठवणाऱ्याने विमा उतरवला नसेल तर ट्रान्सपोर्टर जबाबदार नाही. ही अट मर्यादेच्या आकड्याशेजारीच दिसली पाहिजे. असं कलम कायद्यापुढे किती टिकेल हे वकिलाने बघावं. तक्त्यात करार काय म्हणतो आणि कायदा काय म्हणतो यांचे दोन वेगळे रकाने असले की पुरे.

क चं वाक्य बघा: किलोला १०० रुपये किंवा बीजकाची किंमत, यांतलं जे कमी. १,२०० किलोंचा, २५० घनफुटांचा, पावणेचार लाखांचा लहानसा माल गेला. भरपाई किती? खऱ्या वजनावर १,२०,०००. पण भाडं घेताना क ने २५० गुणिले ८ म्हणजे २,००० किलोंचं घेतलंय; त्या वजनावर २,००,०००. भाड्याला एक वजन आणि भरपाईला दुसरं, असं व्हायला नको, पण ‘वजन’ या शब्दाची व्याख्या कराराने फक्त भाड्याच्या कलमात केली आहे. कायद्याच्या हिशोबाने भाडं १२,४०० आणि त्याची दहापट १,२४,०००. तीन वाचनं, तीन आकडे, आणि एकही पावणेचार लाखांच्या जवळ जात नाही.

इथे एका गैरसमजाची गाठ सोडवायला हवी. क च्या बिलात ‘एफओव्ही’ नावाचा आकार असतो, मालाच्या किमतीवर ०.१ टक्का. पावणेचार लाखांवर ३७५ रुपये. पुष्कळ कंपन्यांत याला विमा समजतात आणि तक्त्यात ‘विमा: हो’ असं लिहितात. पण तो विमा नव्हे. आकार घेतला तरी मर्यादा करारात लिहिलेलीच राहते, आणि कित्येकदा त्याच बिल्टीवर ‘मालकाच्या जोखमीवर’ असा शिक्काही असतो. तक्त्यात दोन वेगळे रकाने करावेत: जोखमीसाठी काय घेतात, आणि त्याच्या बदल्यात मर्यादा वाढते का. दुसऱ्याचं उत्तर करारात नसेल तर तिथे ‘करारात नाही’ असं लिहावं. रिकामं ठेवू नये आणि शून्यही टाकू नये. रिकाम्याचा अर्थ ‘अजून बघितलं नाही’, शून्याचा ‘काही नाही असं लिहिलंय’, आणि ‘करारात नाही’ म्हणजे शोधलं पण सापडलं नाही. ही तीन वेगळी सत्यं आहेत. एका रिकाम्या चौकटीत तिन्ही राहू लागली की तक्त्यावरचा विश्वास उडतो.

‘एका घटनेला’ हे शब्दही जपून वाचावेत. गाडीत चार बीजकांच्या चार बिल्ट्या असतील आणि गाडी उलटली, तर ‘एका बिल्टीला ५ लाख’ म्हणजे वीस लाख, ‘एका घटनेला ५ लाख’ म्हणजे पाच. ब च्या करारात घटना, बिल्टीच्या मागच्या बारीक अक्षरांत बिल्टी. दोन कागद भांडले तर कोणता मानायचा हे सांगणारं कलम बहुतेक करारांत शेवटून दुसऱ्या-तिसऱ्या पानावर असतं. मी करार वाचायला तिथूनच सुरुवात करतो.

ओळीच्या शेवटी चार नीरस रकाने राहतात: कधीपासून लागू, कधीपर्यंत, कोणत्या कागदातून, कोणतं कलम. दर बदलला की जुनी ओळ खोडायची नाही. तिला शेवटची तारीख घालून खाली नवी ओळ करायची. मार्चमधल्या अपघाताची भरपाई सप्टेंबरमध्ये भांडली जाते, तेव्हा मार्चची ओळ लागते.

तक्ता झाला की तो बरोबर आहे हे कसं कळावं? पुन्हा करार वाचून कळत नाही. जे डोळे एकदा चुकले ते त्याच जागी पुन्हा चुकतात. त्यापेक्षा जुनी बिलं घ्यावीत, दर ट्रान्सपोर्टरची आठ-दहा, वेगवेगळ्या महिन्यांची, आणि फक्त तक्ता वापरून ती पुन्हा काढावीत. रुपया-पैशासह जुळली पाहिजेत.

आपल्या उदाहरणात अ ची बिलं जुळली. ब च्या दोन बिलांत हॉल्टिंगचा फरक निघाला, तो गोदामाच्या गेटवहीवरून मिटला. क चं एक बिल घेतलं: १,२०० किलो, २५० घनफूट. तक्ता म्हणतो १२,४०० भाडं, शंभर बिल्टीचे, ३७५ एफओव्ही, १२,८७५. बिल म्हणतं १५,९७५. बरोबर ३,१०० चा फरक. दर तपासला, ६.२०, तोच आहे. वजन तपासलं, तेच. ३,१०० ला ६.२० ने भागलं तर ५०० किलो आले, आणि २५० घनफुटांवर ५०० किलो म्हणजे घनफुटाला २. म्हणजे क घनफुटाला १० किलो धरतोय. शोधल्यावर एक पानभर पत्र सापडलं, विषय ‘दरांचं नूतनीकरण’. त्यात मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं की दर आहेत तेच ठेवले आहेत, आणि चौथ्या ओळीत घनफुटाचा आकडा १० केला होता. खरेदी विभागाने दर वाढला नाही म्हणून सही करून पाठवलं होतं.

जी रकान्यात ८ चे १० केले, नव्या तारखेची ओळ केली. क चा घनफुटाचा भाव ४९ रुपये ६० पैशांवरून ६२ रुपये झाला. आता ४४,००० ला ६२ ने भागायचं: ७१०. मधल्या काळात ७१० ते ८८७ घनफुटांचा जो जो माल क कडे गेला, त्याला अ ची अख्खी गाडी स्वस्त पडली असती.